टेबलाचा अर्धा भाग : फोंड्यातल्या एका ऑफिसातलं प्रकरण

हे प्रकरण माझंच आहे. फोंड्यात एका करसल्लागाराच्या ऑफिसात मी काम करते. आम्ही एकूण सहा माणसं. जागा लहान असल्यामुळे माझं आणि वहिनींचं टेबल एकच आहे. वहिनी माझ्याहून पंधरा-सोळा वर्षांनी मोठ्या. ऑफिसात सगळेच त्यांना वहिनी म्हणतात, म्हणून मीही म्हणते. टेबल पाच फुटांचं, म्हणजे प्रत्येकीच्या वाट्याला अडीच फूट. त्यात एकेक कॉम्प्युटर, मधोमध दोघींचा मिळून एक फोन आणि पायाशी दोघींची मिळून एक कचऱ्याची टोपली.

सांगायची गोष्ट जुलै महिन्यातली. आमच्या कामात जुलै सगळ्यात जड. नोकरदारांच्या रिटर्नची नेहमीची मुदत 31 जुलै, त्यामुळे फॉर्म सोळा, बँकेचे दाखले, व्याजाची पत्रकं यांचे ढीग टेबलावर येऊन पडतात. गोव्यात याच दिवसांत ट्रॉलर बंद असतात. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी, बाजारात ताजी मासळी थोडी आणि महाग. म्हणून मे महिन्यात भरून ठेवलेलं पुरुमेंत बाहेर निघतं : सुकी सुंगटं, खारे बांगडे, गालमो. डब्यात सुक्या मासळीचं किसमूर येतं ते याच दिवसांत. बाहेर पाऊस, खिडक्या बंद आणि एसी चालू. भिंतीवरचा साधा एसी बाहेरची हवा आत घेत नाही, खोलीतलीच हवा फिरवून थंड करतो. त्यामुळे दीड वाजता उघडलेला डबा साडेतीनलाही खोलीत असतो.

वहिनींचं सामान रोज थोडं थोडं माझ्या बाजूला यायचं. सकाळी येताना त्या फोंड्याच्या बाजारातून भाजी घेत, ती पिशवी फोनपाशी. तिच्या बाजूला पर्स, पर्सच्या बाजूला अबोलीच्या फुलांचा पुडा, संध्याकाळी घरी न्यायचे पाव. रेनकोट खुर्चीच्या पाठीवर, आणि त्याची एक बाही नेमकी माझ्या कागदांवर. हे कुणी मुद्दाम करत नाही. सामान जिकडे मोकळी जागा दिसेल तिकडे सरकतं, आणि मला टेबल मोकळं ठेवायची सवय असल्यामुळे मोकळी जागा नेहमी माझ्याच बाजूला दिसायची.

एके दिवशी त्या बाहीतून थेंब थेंब पाणी गळत राहिलं आणि एका ग्राहकाच्या फॉर्म सोळावरची शाईची सही पसरली. मी कागद उचलला तेव्हा सहीतली शेवटची दोन अक्षरं निळ्या डागात गेली होती. तो कागद पुन्हा मागवायला मला तीन फोन करावे लागले. हा विषय आता बोलायलाच हवा, हे त्या दिवशी ठरलं. पण त्याआधी मी तीन वेळा चुकीच्या रीतीने बोलून झाले होते, ते आधी सांगते.

न बोलता बोलणं

पहिली चूक म्हणजे गप्प राहून सामान मागे सरकवणं. मी सकाळी लवकर येत असे आणि त्यांचं जे काही माझ्या बाजूला असेल ते उचलून त्यांच्या बाजूला ठेवत असे. मला वाटायचं, त्यांना कळेल. त्यांना वाटलं, झाडूपोछा करणाऱ्या मावशींनी आवरलं. चार दिवसांत सगळं परत जागच्या जागी, म्हणजे माझ्या जागी.

दुसरी चूक सुगंधाच्या फवाऱ्याची. जेवणानंतर मी मोगऱ्याचा स्प्रे मारू लागले. सुक्या मासळीवर मोगरा मारला की मासळी जात नाही, दोन्ही वास एकत्र होऊन डोकं चढतं. आणि वहिनींनी त्यातून जो अर्थ काढला तो माझ्या मनातही नव्हता. त्या आठवड्यात त्या म्हार्दोळच्या जत्रेत मिळते तशी उदबत्तीची पुडी माझ्यासाठी घेऊन आल्या. म्हणाल्या, "तुला वासाची आवड आहे गो, म्हणून आणली." इतक्या मायेने दिलेली पुडी हातात घेतल्यावर काय बोलायचं?

तिसरी चूक सगळ्यात वाईट, आणि तिचं मला आजही वाईट वाटतं. एक दिवस डबा उघडल्यावर मी सगळ्यांसमोर म्हणाले, "आज आपल्या टेबलावर मासळी बाजार भरला." सगळे हसले. वहिनीही हसल्या. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी खुर्ची भिंतीकडे फिरवली, डब्याचं झाकण अर्धंच उघडलं आणि पाच मिनिटांत जेवण उरकलं. तिसऱ्या दिवशी डब्यात भाजी-चपाती होती. मी विचारलं तर म्हणाल्या, "तू शिवराक आहेस ते माझ्या लक्षात नव्हतं."

मी शिवराक नाही. सोमवार आणि गुरुवार सोडले तर माझ्याही घरी मासळी होते आणि किसमूर मला आवडतं. पण गोव्यात मासळीच्या वासावर केलेला विनोद फक्त वासापुरता राहत नाही. कोण मासे खातं आणि कोण नाही यामागे घर, जात, देऊळ, वार असं सगळं उभं असतं. माझ्या एका वाक्याने त्यांच्या ताटातल्या जेवणावर बोट ठेवलं. मला मात्र टेबलाबद्दल बोलायचं होतं.

वास नेमका कुठून येतो

त्या तिसऱ्या चुकीनंतर मी आधी नीट पाहायचं ठरवलं. आपल्याला त्रास नेमका कशाचा होतो, हे आपल्यालाच ठाऊक नसलं तर दुसऱ्याला काय सांगणार?

आधी एक गोष्ट समजून घ्यायला हवी. नाक एका वासात काही मिनिटं राहिलं की त्याची दखल घेणं कमी करतं. ज्याचा डबा त्याला वास येत नाही, हा बहाणा नसतो, ते खरंच असतं. आणि हाच नियम मलाही लागू होता. टेबलाशी बसून मी कितीही वास घेतला असता तरी मला तो नीट कळला नसता. म्हणून मी वेगळं केलं. दुपारी झेरॉक्ससाठी खाली जायचं असे, तेव्हा दहा मिनिटं बाहेरच्या हवेत थांबायचं आणि परत आल्यावर पहिल्या दोन-तीन श्वासांत वास कुठून येतो ते हुंगायचं. असं मी तीन दिवस केलं.

उत्तर माझ्या अपेक्षेपेक्षा वेगळं निघालं. जेवताना येणारा वास पंधरा-वीस मिनिटांत बराच उतरत होता. तीन-चार वाजेपर्यंत टिकणारा वास दोन जागांहून येत होता. एक, पायाशी असलेली टोपली. जेवताना डब्याखाली घेतलेला वर्तमानपत्राचा कागद, त्यात सुंगटांची टरफलं, बांगड्याचे काटे, सगळं त्यात गुंडाळून पडायचं आणि टोपली थेट दुसऱ्या दिवशी सकाळी रिकामी व्हायची. दोन, टेबलाखालच्या पिशवीतला न धुतलेला डबा. स्टील वास धरत नाही, पण झाकणाच्या आतल्या रबरी कडेत ओलं अन्न अडकलं की तिथून तो येत राहतो.

थोडं कारणही सांगते, कारण उपाय त्यातूनच निघाला. समुद्री मासळी मेल्यावर तिच्या मांसातल्या एका घटकापासून जिवाणू ट्रायमिथिलअमाइन तयार करतात. मासळीचा ओळखीचा वास बराचसा त्याचा. हा पदार्थ सहज हवेत उडतो. पण आंबट काही लागलं की त्याचं क्षारात रूपांतर होतं आणि मग तो उडत नाही. आपल्याकडे मासळीला लिंबू लावतात, आमटीत सोलं घालतात, त्याने चव येते तसा वासही बसतो. डब्याच्या बाबतीत तेच : नुसत्या पाण्याने विसळून काम भागत नाही, दोन सोलांचं पाणी किंवा लिंबाची फोड फिरवली तर कडेचा वास जातो. बोटांनाही तेच.

म्हणजे मला वहिनींकडून हवं होतं ते फार थोडं होतं. किसमूर आणू नका, असं म्हणायचंच नव्हतं. कागद टोपलीत नको, मागच्या बाजूच्या झाकणाच्या डब्यात हवा. आणि डबा विसळून पिशवीत हवा. मागणी एवढी लहान झाल्यावर ती हलकेपणाने मागता येते. "तुमच्या जेवणाचा वास येतो" हे वाक्य कितीही गोड आवाजात म्हटलं तरी हलकं होत नाही, कारण त्यावर समोरच्याने करायचं काय ते त्यात नाहीच.

कसं विचारलं

सामान आणि जेवण हे दोन विषय मी वेगळे ठेवले. दोन्ही एका दमात काढले असते तर ती तक्रारींची यादी झाली असती. सामानाचा विषय आधी घेतला, कारण त्यात माणसाचं मन कमी गुंतलेलं असतं.

वेळ निवडली ती चार वाजताच्या चहाची. सकाळी वहिनी भिजून येतात, त्या वेळी रेनकोटाबद्दल बोलणं म्हणजे भिजल्याबद्दलच बोलणं. चहाला आम्ही दोघी बाल्कनीत उभ्या असतो, टेबल समोर नसतं, तिसरं कोणी ऐकत नसतं.

शब्दांचा मी बराच विचार केला. आपण अशा वेळी "राग मानू नका, पण" असं सुरू करतो. मला ते पटत नाही. ते ऐकलं की समोरचा माणूस लगेच रागाच्या तयारीला लागतो. "एक विचारू का?" याचंही तसंच, त्या अर्ध्या क्षणात पोटात गोळा येतो. मी थेट कामाच्या गोष्टीपासून सुरुवात केली :

"वहिनी, परवा त्या सहीवर पाणी पडलं ना, तेव्हापासून मला कागदांची भीतीच बसलीय. दाराआड एक खिळा मारून घेतलाय मी, आपण दोघी रेनकोट तिथेच लावूया का? आणि माझा खालचा खण मी रिकामा केलाय, भाजीची पिशवी त्यात बसेल. जुलै संपेपर्यंत फोनच्या अलीकडची जागा मला कागदांना जरा मोकळी हवी."

यातल्या तीन गोष्टी मी विचार करून घातल्या होत्या. पहिली म्हणजे "लावूया". मराठीत "ठेवा" म्हटलं की हुकूम, "ठेवाल का" म्हटलं की उपकार, "ठेवूया" म्हटलं की दोघींचं काम. पण हे "आपण" खोटं असेल तर लगेच उघडं पडतं. करायचं फक्त तिने आणि म्हणायचं "आपण", हे कुणालाही कळतं. म्हणून मी माझाही रेनकोट, जो आधी खिडकीला लटकायचा, त्याच खिळ्याला लावायला लागले. खणसुद्धा बोलण्याआधी खरोखर रिकामा केला होता. दुसरी गोष्ट म्हणजे जागेला नाव दिलं : फोनच्या अलीकडची जागा. "माझी बाजू" म्हटलं असतं तर भांडण हद्दीचं झालं असतं. फोन मात्र दोघींना दिसतो, त्यावर वाद होत नाही. तिसरी गोष्ट मुदत. जुलै संपेपर्यंत, असं म्हटल्यामुळे त्यांना कायमचं काही सोडावं लागत नव्हतं.

वहिनी म्हणाल्या, "अगो, आधी सांगायचं नाही! माझ्यामुळे गेली ती सही?" आणि लगेच आत जाऊन पिशवी खणात ठेवली. मी "नाही नाही, तुमच्यामुळे नाही" असं म्हटलं नाही. ते खोटं झालं असतं आणि मग रेनकोट हलवायचं कारणच उरलं नसतं. "हो, बाहीतून गळलं होतं. मिळाली पण दुसरी प्रत," एवढंच म्हणाले.

पाच दिवस मध्ये जाऊ दिले. मग जेवणाचा विषय, पुन्हा चहाच्या वेळी. आधी मी त्या विनोदाबद्दल बोलले : "वहिनी, त्या दिवशी मी सगळ्यांसमोर मासळी बाजार म्हणाले ते चुकलं माझं. मी शिवराक नाही, तुमचं किसमूर मला आवडतं. भाजी-चपाती माझ्यासाठी आणू नका." त्यांनी माझ्याकडे जरा वेळ बघितलं. मग मी म्हणाले, "मला त्रास होतो तो दुपारनंतर, टोपलीतल्या कागदाचा. तो आपण मागच्या झाकणाच्या डब्यात टाकूया का? आणि डबा जरा विसळून ठेवलात तर पिशवीतूनही येणार नाही."

"वास येतो? मला तर काहीच नाही येत गो."

इथे घसरायला सोपं होतं. "येतो हो, सगळ्यांनाच येतो" असं म्हणावंसं वाटतं. पण "सगळ्यांना" म्हटलं की माणूस एकटा पडतो, आणि वास आहे की नाही यावर वाद घालून कुणी जिंकत नाही. मी म्हणाले, "बसल्या जागी मलाही नाही येत. खालून वर आले की येतो." वहिनी काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी दुपारी त्या कुरियर द्यायला खाली गेल्या, परत आल्या आणि दारातच थांबल्या. मग टोपली उचलून स्वतःच मागे घेऊन गेल्या.

जे मला ठाऊक नव्हतं

एक गोष्ट विचारायची मला सुचलीच नव्हती : वहिनी टेबलावर का जेवतात? मागच्या बाजूला बेसिनजवळ एक छोटं टेबल आहे, दोन स्टुलं आहेत. बाकीचे तिथे आळीपाळीने जेवतात. मला वाटायचं त्यांना एसी सोडवत नाही.

त्यांनीच सांगितलं. दीड ते दोनच्या वेळात ग्राहकांचे फोन सगळ्यात जास्त येतात, कारण नोकरदार माणसाला बोलायला त्याच्या जेवणाच्या सुट्टीतच वेळ मिळतो. मी त्या वेळी झेरॉक्स आणि बँकेच्या कामाला बाहेर. फोन वाजत राहिला की साहेब बाहेर येऊन बघतात. म्हणून वहिनी डबा फोनशेजारी घेऊन बसत. म्हणजे ज्या वासाचा मला त्रास होत होता, त्यामागे माझंच बाहेर जाणं होतं.

मी बँकेची वेळ बदलून बारा केली आणि सव्वा ते पावणेदोन फोन मी घ्यायचा असं ठरलं. वहिनी मागे जाऊन जेवू लागल्या. बेसिनपाशी त्यांनी एका वाटीत सोलं भिजत ठेवली, डबा त्या पाण्याने विसळतात आणि बोटंही. वास अर्ध्याहून जास्त कमी झाला तो या एका बदलाने, माझ्या बोलण्याने नव्हे.

सगळं सरळ झालं असंही नाही. आठवड्याने धो धो पावसाच्या दिवशी रेनकोट पुन्हा खुर्चीवर आला. तेव्हा मी आधीचं सगळं पुन्हा उकरलं नाही. "वहिनी, खिळा रिकामा आहे," एवढं म्हणाले आणि त्या उठल्या. एकदा ठरलेल्या गोष्टीची आठवण चार शब्दांत द्यायची. तिला पुन्हा कारणं जोडली की ती नवी तक्रार वाटते. जुलैच्या शेवटच्या चार दिवसांत तर आम्ही दोघीही टेबलावरच जेवलो, कारण उठायला वेळच नव्हता. तेव्हा फक्त टोपलीचा नियम पाळला गेला, आणि तो पुरला.

ही रीत सगळीकडे चालेल असं मला वाटत नाही. माझी एक मैत्रीण पणजीत पाटोला काम करते. तिला दिवस गेले होते तेव्हा मासळीच्या वासाने उलट्या व्हायच्या. तिने हळूहळू, दोन टप्प्यांत, असं काही करत बसायचं कारण नव्हतं. पहिल्याच दिवशी "मला याने उलटी होते, काही दिवस मला दुसरीकडे बसू द्या" असं सरळ सांगायला हवं होतं, आणि तिने तसंच सांगितलं. ज्याची अर्धशिशी वासाने उठते त्याचंही तेच. आणि जो स्वतः मासे खात नाही त्याने तर जास्तच जपून, कागद, टोपली आणि जागा एवढ्याचबद्दल बोलावं. डब्यात काय आहे ते वाक्यात येऊच नये. मी किसमूर आवडतं असं म्हणू शकले ते खरं होतं म्हणून. नसतं तर ते म्हणायचं नव्हतं.

साहेबांकडे मी गेले नाही. गेले असते तर टेबलावर जेवायला सगळ्यांनाच बंदी झाली असती, आणि ती कुणामुळे झाली हे सहा माणसांच्या ऑफिसात दुपारपर्यंत कळलं असतं.

आता श्रावण लागलाय. वहिनींच्या डब्यात मूग आणि अळूची भाजी असते. रेनकोट खिळ्यावर आहे, भाजीची पिशवी खणात. त्यांची पाण्याची स्टीलची बाटली मात्र फोन ओलांडून माझ्या बाजूलाच असते, कारण त्यांचा डावा हात तिथे पोहोचतो. ती गळत नाही आणि तिला वासही नाही, म्हणून ती मी तिथेच राहू दिली आहे.